नमुना पास केला म्हणजे माल पास झाला नाही

आमच्या मसाल्याचं नाव रजिस्टर आहे. ते टी-शर्टवर छापायला द्यायला हरकत नाही ना? (गिरगाव)

नोंदणी कोणत्या वर्गातली आहे ते पाहा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, कपडे वर्ग २५ मध्ये. आधी २५ मध्ये अर्ज करा.

मित्राला नाव वापरायला तोंडी परवानगी दिली आहे. चालेल का? (ठाणे)

नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार परवानाधारकाची निबंधकाकडे नोंद नसेल, तर लेखी करार असल्याशिवाय त्याने केलेला वापर तुमचा वापर धरला जात नाही. ‘ओळखीत कागद कशाला’ हे ऐकू नका, वकिलाकडे जा.

टी-शर्टवर आमचं नाव वापरायचा परवाना दिला. नमुना उत्तम होता म्हणून सही केली. दोन हजार टी-शर्ट विकायला गेले आणि दोन धुण्यांत ढिले पडले. नमुना पास केला होता, मग चुकलं कुठे? (दादर)

हाच प्रश्न मला सतत येतो. नमुना मन लावून शिवतात, माल घाईत निघतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्यात. म्हणून पास झालेले दोन नमुने सहीनिशी सीलबंद करायचे, एक तुमच्याकडे, एक परवानाधारकाकडे. कापडाचं वजन करारात आकड्यात लिहायचं, समजा १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. माल आला की १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून वजन करा. ते १.८ ग्रॅम भरायला हवं. १.६ भरलं तर कापड बदललंय, कारणं ऐकत बसू नका.

दोन हजारांच्या लॉटमधून नेहमीच्या तपासणी तक्त्याप्रमाणे १२५ नग काढतात. त्याच तक्त्यातली दर्जाची मर्यादा, म्हणजे एक्यूएल, २.५ ठरली असेल तर सात सदोष नगांपर्यंत लॉट पास, आठवा सापडला की परत. ही तपासणी माल गोदामातून हलण्याआधीच व्हायला हवी. दुकानात गेल्यावर तक्रार करून नाव परत मिळत नाही. नाकारलेल्या मालावरची लेबलं तुमच्या माणसासमोर कापा, नाहीतर तोच माल तुमच्या नावानं हातगाडीवर येतो. लेबलंही मोजून तुम्हीच द्या. दोन हजार नगांना दोन हजारच, म्हणजे जादा नग काढून परस्पर विकता येत नाहीत. दुसऱ्याकडून शिवून घ्यायचं असेल तर तुमची लेखी परवानगी लागेल, असं कलम करारात हवं.

तपासणीचा हा हक्क नुसता लिहून ठेवू नका, वापरा. परवानाधारक नोंदणीकृत असेल आणि करारातली दर्जाची अट पाळून घेतली जात नसेल, तर निबंधक त्याची नोंद रद्दही करू शकतो. तुमच्या बाबतीत उरलेला माल आजच थांबवा आणि करार घेऊन वकिलाला भेटा.

परवानाधारक किमान रॉयल्टी दुप्पट द्यायला तयार आहे, पण नाव ‘सर्व वस्तूंवर’ हवं म्हणतो. (बोरिवली)

हा पैशाचा सापळा आहे. टी-शर्ट तपासायची सोय असलेला माणूस लोणचं कसं तपासणार? वस्तूंची यादी करारात नावानिशी लिहा, नवी वस्तू हवी असेल तर नवा नमुना आणि नवी परवानगी. तो याला तयार नसेल तर सही करू नका, आणि तयार असला तरी मसुदा आधी वकिलाला दाखवा.