रोज एसटी-रेल्वेने अप-डाउन, लॅपटॉप १४ इंची घेऊ का १५.६?

प्रश्न: रोज सांगली-कोल्हापूर ये-जा आहे, एक्सेलचं काम असतं. मोठी स्क्रीन घेऊ का हलका लॅपटॉप?

उत्तर: १४ इंची घ्या, पण स्क्रीनच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० असलेलाच बघा. १५.६ इंची जुन्या १६:९ स्क्रीनची उंची साधारण १९.४ सेंमी असते आणि १४ इंची १६:१० ची १८.८, म्हणजे एक्सेलच्या ओळी जवळपास तेवढ्याच दिसतात, फक्त रुंदी चारेक सेंमी कमी होते, आणि एसटीत शेजारच्याला कोपर लागतं ते त्या रुंदीमुळंच.

वजन बघताना नुसता लॅपटॉपचा आकडा बघू नका, चार्जर धरून बघा. मोठा १.८ किलोचा आणि चार्जर ४०० ग्रॅम म्हणजे २.२ किलो झाले, छोटा १.४ किलो अधिक २५० ग्रॅमचा टाईप-सी चार्जर म्हणजे १.६५, आणि त्याच चार्जरवर फोनपण होतो. अर्धा किलो दुकानात कळत नाही हो, पण सकाळच्या गर्दीत मिरजेपर्यंत उभं राहिलं की खांद्याला कळतं.

१३ इंचीवर मात्र जाऊ नका, एक्सेलला अक्षरं बारीक होतात. ऑफिसात रोज जास्त वेळ बसणार असाल तर तिथं मॉनिटर जोडा, एचडीएमआय पोर्ट आहे का ते घेतानाच बघून घ्या.