पंखा राहू दे, कपाळ बघ

*मावशी, माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. झोपलं की त्याचं डोकं घामानं थबथबतं, खालचं दुपटं ओलं होतं. पावसामुळे खिडक्या बंद, त्यात अंगावर कुंची, मोजे, शाल. मी पंखा लावला की सासूबाई येऊन बंद करतात, म्हणतात, बाळाला वारं लागेल. परवा यावरून कडाक्याचं भांडण झालं, नवरा गप्प. दूध पितानाही त्याच्या कपाळावर घाम येतो, जरा ओढतो आणि दमून झोपतो, तर त्यावरही ‘तुझं दूध पुरत नाही’ हे ऐकून घ्यायचं. जन्माला २ किलो ९०० ग्रॅम होता, दीड महिन्याच्या इंजेक्शनला ३ किलो ७००, आणि आता अडीच महिन्याच्या इंजेक्शनला ३ किलो ९००. म्हणजे किलोभर वाढलाय की! सासूबाईंना कसं समजावू?*
*– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर*

अगं पोरी, पंख्याचं भांडण सध्या माळ्यावर टाक. सासूबाईंची तक्रार सांगण्याच्या भरात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस, आणि मी तिथंच अडकले. पत्र तीनदा वाचलं. तीनही वेळा पंखा मला दिसलाच नाही, दिसलं ते दूध पिणाऱ्या बाळाचं कपाळ.

हे सदर लिहायला लागण्याआधी मी सत्तावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. घामाची तक्रार घेऊन आलेल्या आया किती बघितल्या याचा हिशेब नाही. त्यातल्या बहुतेकींना आम्ही टोपरं काढायला सांगून घरी पाठवलं, आणि ते बरोबरच होतं. तान्ह्या बाळाला घाम येतो तो आधी डोक्याला आणि कपाळाला. गाढ झोपेत तो जास्त येतो, आणि बाळं गाढ झोपतात भरपूर. त्यात आपल्याकडचा पावसाळा, कोंदट खोली, आलेला घाम वाळायला जागा नाही, आणि डोक्यावर कुंची. डोकं हीच बाळाची उष्णता बाहेर टाकायची मोठी वाट, तीच आपण बांधून ठेवतो. अशा बाळाची कुंची काढली की अर्ध्या तासात डोकं कोरडं होतं. ते जागं असताना खेळतं, दूध दणकून पितं, वजन घेतं. तुझं बाळ फक्त झोपेतच घामेजत असतं, तर तुझं उत्तर मी चार ओळींत संपवलं असतं.

पण दुधावरचा घाम हे वेगळं प्रकरण आहे. अडीच महिन्यांचं पोर ना रांगतं, ना पळतं. त्याच्या आयुष्यातलं एकच कष्टाचं काम म्हणजे दूध ओढणं. आपल्याला पन्हाळ्याचा चढ चढताना जे होतं, ते त्याला अंगावर पिताना होतं. एखाद्या मोठ्या माणसाला दोन पायऱ्यांत घाम फुटला, तो धापा टाकत खाली बसला, तर आपण पंख्याचा विचार करू का? आधी छातीचा विचार करू.

आता नीट आठव. उकाड्यात बाळाच्या गालाची जी बाजू तुझ्या दंडाला चिकटलेली असते, ती ओली होते. ते दोघांच्या अंगाच्या उबेनं होतं, त्यात काही नाही. पण कपाळावर आणि वरच्या ओठावर दवासारखे बारीक थेंब उभे राहतात का? अंगावर पातळ झबलं असताना, खोली गार असतानाही? हात लावला तर कातडी गरम न लागता गार, चिकट लागते का? चार-सहा घोट ओढतो, सोडतो, भराभरा श्वास घेतो, पुन्हा लागतो, असं करत पाऊण तास जातो, झोपतो, आणि अर्ध्या तासात भुकेनं रडत उठतो का? या वयाचं धडधाकट बाळ साधारण पंधरा-वीस मिनिटांत पोट भरून मोकळं होतं.

आणि तुझं ते ‘किलोभर वाढलाय की’. पोरी, तो किलो कधी वाढला ते बघ. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम घेतं. जन्मानंतर थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत मूळ वजनावर येतं, तिथून पुढं हा हिशेब धरायचा. तुझ्या बाळानं दीड महिन्यापर्यंत तो चोख पाळला. २ किलो ९०० वरून ३ किलो ७००, शाब्बास. पण दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्याच्या इंजेक्शनमध्ये चार आठवडे असतात, म्हणजे २८ दिवस. तेवढ्यात ७०० ते ८०० ग्रॅम वाढायला हवे होते, वाढले २००. दिवसाला जेमतेम सात ग्रॅम. पहिल्या दीड महिन्याची कमाई तू मला आजची म्हणून दाखवलीस. दूध तेच, आई तीच, मग महिन्याभरात काय बदललं?

एक गोष्ट बदलते, आणि ती नेमकी याच वयात. काही बाळांच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असतं. जन्मावेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, तिकडचा दाब जास्त असतो, त्यामुळे भोकातून रक्त फारसं तिकडं जात नाही. डॉक्टर छातीला नळी लावतात, आवाज येत नाही, ‘बाळ छान आहे’ म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. मग चार ते आठ आठवड्यांत तो दाब उतरतो. भोक मोठं असेल तर डावीकडचं रक्त उजवीकडं आणि तिथून फुप्फुसांत लोटायला लागतं. फुप्फुसं जड होतात, श्वास वाढतो, हृदय दुप्पट राबतं. असं राबणारं शरीर घामानं निथळतं, आणि प्यायलेलं दूध अंगी लागायच्या आधीच त्या राबण्यात खर्च होतं. अशी बाळं निळी पडत नाहीत, कारण रक्तात प्राणवायू पुरेसा असतो. ‘रंग छान आहे, म्हणजे हृदय ठीक’ या समजुतीपायी मी आठवडेच्या आठवडे वाया गेलेले बघितले आहेत.

तुझ्या बाळाला हेच आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणीच सांगू नये. रक्त कमी असेल, कुठे जंतुसंसर्ग दडला असेल, धरण्याच्या पद्धतीत काही चुकत असेल. पण पिताना घाम, दमणं आणि थांबलेलं वजन, ही तीन एकत्र आली की घरात बसून अंदाज करायचा नसतो. उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे जा. पुढच्या इंजेक्शनची वाट बघू नकोस. तुमचे नेहमीचे डॉक्टर नसतील तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जा.

आज रात्री एवढंच कर. बाळ शांत झोपलं की झबलं वर कर आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोज. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नकोस, बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांपुढच्या बाळाचा आकडा ५० किंवा त्यावर गेला, तर तो जास्त. पुन्हा एकदा मोज आणि कागदावर लिही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी दिसत असेल, पोर दूधच धरत नसेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर सकाळ कशाची बघतेस, तशीच ऊठ आणि जा. ताप ३८ अंशांवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला तरी तेच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी उतरवत बसायचा नसतो.

दवाखान्यात गेल्यावर ‘झोपेत घाम येतो’ एवढंच सांगितलंस तर ‘कपडे कमी घाला’ ऐकून परत येशील. रांगेत पन्नास बाळं असतात, डॉक्टरही माणूस आहे. तोंडून पहिलं वाक्य हे निघू दे: ‘दूध पिताना घाम येतो, दमतो, आणि चार आठवड्यांत वजन दोनशे ग्रॅमच वाढलंय.’ मग ते छाती ऐकतील, उजव्या बरगडीखाली बोटांनी दाबून यकृत वाढलंय का बघतील, पायाला क्लिप लावून प्राणवायू मोजतील. शंका वाटली तर छातीचा एक्स-रे आणि इको सांगतील. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर गार जेल लावून फिरवतात, ना सुई, ना दुखणं. भोक निघालंच तर लहान भोकं बरीचशी आपोआप बुजतात. मोठं असेल तर आधी औषधानं फुप्फुसांवरचा भार कमी करतात, दूध वाढवायचे उपाय सांगतात, आणि लागलं तर ऑपरेशन. वेळेवर झालेल्या ऑपरेशननंतर पळणारी पोरं मी पाहिली आहेत. खर्चाच्या धास्तीनं मात्र थांबू नकोस, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचे उपचार येतात. सीपीआरमध्येच विचार.

राहिला पंखा. घरात कुंची नको, मोजे नकोत, आपल्यापेक्षा एखादाच कपडा जास्त. हातपाय गार लागले म्हणून शाल घालू नकोस, बाळाचे हातपाय गारच असतात. मानेमागे बोटं घालून बघ, तिथं ओलं-गरम लागलं तर कपडे जास्त झाले. पंखा हळू, अंगावर थेट नको. झोपवायचं पाठीवर, उशी नको, अगदी मोहरीचीही नको. जास्त गुंडाळलेल्या बाळाला घामापेक्षा मोठा धोका असतो, झोपेत अचानक दगावण्याचा, म्हणून एवढं सांगते.

आणि सासूबाई. पंख्याबाबत त्या चुकल्या, पण बाळाचं पोट भरत नाही हे तुझ्या घरात त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं. कारण चुकीचं लावलं, खापर तुझ्यावर फोडलं, ते वाईटच. तरी त्यांचं निरीक्षण खरं होतं, आणि तू ते टोमणा म्हणून झटकून टाकलंस. त्यांना समजावत बसू नकोस, बरोबर घेऊन जा. बाळ कधीपासून दमतंय हे तुझ्याआधी त्याच सांगतील.

जाताना इंजेक्शनचं कार्ड आणि श्वासाचा कागद घे. बाळाला निघायच्या आधी पाजू नकोस. भुकेलं ने, आणि नंबर लागला की डॉक्टरांसमोरच पाज. ते कपाळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.