दीड फुटाच्या ओट्याला रॅम्प आणि पायऱ्या: वीट, काँक्रीट किती लागेल

प्रश्न: कोल्हापुरात घर आहे, ओटा अंगणापासून दीड फूट उंच. आईला आता व्हीलचेअर लागते. ओट्याला रॅम्प आणि शेजारी 4 फूट रुंद पायऱ्या करायच्यात. गवंडी म्हणतोय 6 फुटांत रॅम्प बसवतो. उतार, लांबी, रुंदीवरून वीट आणि काँक्रीट कसं काढायचं?

उत्तर:

6 फुटांत बसवला तर तो रॅम्प नाही, घसरगुंडी होईल. दीड फुटाला 6 फूट म्हणजे 1:4 उतार, त्यावर गाडी चढेल पण आईची खुर्ची ढकलणारा माणूस घामाघूम होईल आणि उतरताना खुर्ची हातातून सुटेल. व्हीलचेअरसाठी 1:12 धरायचा, म्हणजे 1 इंच उंचीला 12 इंच लांबी, तुमचे 18 इंच म्हणजे 18 फूट. सरळ जागा नसेल तर मधे 5 फुटांचा सपाट टप्पा ठेवून वळवा, पण उतार वाढवू नका.

आता एक गोष्ट आधी तपासा. दीड फूट तुम्ही दारासमोर मोजलाय बहुतेक. रॅम्प संपणार 18 फुटांवर, तिथं अंगण गेटकडं उतरतं असेल तर उंची तिथून धरायला लागते. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघा, 3 इंच जरी जास्त निघाले तरी रॅम्प 21 फूट होतो. खालचा हिशोब अंगण सपाट आहे असं धरून आहे.

लोक इथं चुकतात ते असं की रॅम्प म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करून निम्मं करतात आणि सगळं काँक्रीट धरतात, बिल बघून मग डोक्याला हात. आत मुरूम असतो, बाजूला 9 इंची विटांच्या दोन भिंती, आणि वर 4 इंच काँक्रीट. ते 4 इंच खालच्या टोकालाही 4 इंचच राहिलं पाहिजे. शून्यावर निमुळतं केलं तर टोकाचा पापुद्रा पहिल्या पावसाळ्यातच उडतो. म्हणून शेवटी काँक्रीट जमिनीत उतरवायचं. 18 मधून 4 इंच गेले की भिंत आणि मुरमाची उंची ओट्याजवळ 14 इंच, आणि 1:12 ने ती 14 फुटांवर शून्य होते, पुढच्या 4 फुटांत जमिनीवर भिंतच नाही. उताराची तिरकी लांबी वेगळी काढत बसू नका, 18 फुटांत पाऊण इंचाचाही फरक पडत नाही.

रॅम्पची बाहेरून बाहेर रुंदी 5 फूट धरू. जमिनीवरची एक भिंत त्रिकोणी, 14 फूट गुणिले 14 इंच, त्याचं निम्मं, गुणिले 9 इंच जाडी, म्हणजे साधारण 6 घनफूट, दोन्ही मिळून सव्वाबारा. पण जमिनीखाली निदान 1 फूट वीट जाते आणि ती त्रिकोणी नसते, सगळ्या 14 फुटांत सारखी, ती दोन्हींची 21 घनफूट. दिसणाऱ्या विटेपेक्षा न दिसणारी जास्त, हे गवंड्यानं सांगितलं नाही तर अर्ध्यात वीट संपते. कडेला चाक खाली जाऊ नये म्हणून 3 इंच उंच, 4 इंच रुंद, एका विटेचा कठडा दोन्ही बाजूंनी, ती 3 घनफूट. त्यातून मधे 4 फूट 4 इंच मोकळी जागा राहते, खुर्चीला पुरेशी.

पायऱ्यांत 18 इंचाला 6-6 इंचाच्या तीन चढण्या, पण तिसरी चढण ओट्यावरच जाते, म्हणून पाय ठेवायला दोनच पायऱ्या. पाऊल 1 फुटाचं धरा. खालचा थर 2 फूट खोल, वरचा 1 फूट, उंची अर्धा फूट, रुंदी 4, म्हणजे (2+1) × 0.5 × 4 = 6 घनफूट, आणि जमिनीखाली अजून 4. त्यावर शहाबादी फरशी बसवणार असाल तर मसाल्यासकट 2 इंच वाढतात. ओटा आहे तेवढाच राहतो, म्हणून विटेची पहिली पायरी 4 इंच आणि दुसरी 10 इंचावर आणायची. नाहीतर फरशी झाल्यावर पहिली चढण 8 इंच आणि शेवटची 4 होते, आणि माणूस अडखळतो तो अशा उंची बदलणाऱ्या पायरीवरच.

सगळी वीट झाली सव्वा शेहेचाळीस घनफूट. 9×4×3 इंच विटेला घनफुटाला साडेबारा लागतात, तिरकी वीट तोडण्यात नासधूस होते म्हणून 650 मागवा. तुमच्या भट्टीची वीट टेपनं मोजा मात्र, जाड वीट असेल तर नग कमी लागतील.

काँक्रीट दोन प्रकारचं. वरचं 18 × 5 फूट × 4 इंच = 30 घनफूट, शिवाय शेवटच्या टोकाला 9 इंच रुंद, 1 फूट खोल दाबून भरलेली पट्टी, वरचे 4 इंच आधीच धरलेत म्हणून तिचे अडीच, हे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 प्रमाणात. भिंतींखाली दीड फूट आणि पायऱ्यांखाली 2 फूट रुंद, 6 इंच जाड बेड, 25 घनफूट, 1:4:8 चालेल. कोरडा माल पाण्यात कालवून दाबला की आकार कमी होतो, म्हणून तो 1.54 पट धरायचा. तसं काढलं तर सिमेंट वरच्याला साडेसात पोती, बेडला अडीच, विटेच्या मालाला 2, गिलावा धरून 14 आणा. क्रश सँड अर्धा ब्रास म्हणजे 50 घनफूट पुरते, खडी अर्ध्या ब्रासच्या जरा वर. मुरूम आत साडेअठ्ठावीस घनफूट बसतो, पण सैल मुरूम दबतो, 37 मागवा.

खरी अडचण ह्या मुरमातच असते. एकदम ओतून वरून काँक्रीट टाकलं की तो नंतर खचतो, आणि सगळ्यात जास्त खचतो ओट्याजवळ कारण भरणी तिथंच खोल. वरचं काँक्रीट हवेत लोंबतं आणि ओट्यापासून दोन-तीन फुटांवर आडवी चीर येते. हातोडीनं ठोकून बघा, तिथं पोकळ आवाज येतो. म्हणून 6-6 इंचाचे थर, पाणी, धुमसानं ठोकणं, मग पुढचा थर. गवंडी कंटाळा करतो, तुम्ही तिथं उभं राहा. पंचगंगेच्या बाजूला काळी माती असेल तर ती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, रॅम्प ओट्यापासून सुटतो. तसंही रॅम्प ओट्याला घट्ट जोडायचा नाही, मधे अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवायची, हलला तरी ओट्याला तडा जात नाही.

वरून घोटून गुळगुळीत करू देऊ नका भावा, आपल्याकडच्या पावसात शेवाळ धरलं की सगळे घसरतात. ओलं असतानाच खराट्यानं आडवं ओढा. स्टील 8 एमएम, दोन्हीकडं 8 इंचावर, टू-व्हीलरही जाणार असेल तर टाका. पोती अंथरून 10 दिवस पाणी मारायचं, त्याआधी खुर्ची नको.