छाती बडवणाऱ्या गोरिलाच्या फलकावर नुसता ‘राग’ लिहू नका

प्रश्न: कमाटीबागेत मुलांच्या शिबिरासाठी गोरिलाचा फलक करतोय. नर छाती का बडवतो? ‘राग आला म्हणून’ एवढं लिहिलं तर चालेल का? मंजुरी देणारे मूठ वळलेलं चित्रच मागताहेत.

दादा, ‘मूठ वळलेलं’ वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. बडोद्यातल्याच एका कार्यालयानं (नाव घेत नाही) माझा फलक असाच अडवला होता. ‘पंजा उघडा दाखवला तर राग दिसत नाही,’ म्हणे. शिबिर उरकलं तरी फलक साहेबांच्या टेबलावरच. गोरिला कधी पाहिला नसेल, पण सिनेमातली मूठ पक्की डोक्यात!

प्रत्यक्षात नर दोन पायांवर उभा राहतो आणि तळवे किंचित खोलगट करून भराभर आलटून पालटून छातीवर मारतो. पोरांना स्वतःच्या छातीवर आधी मुठीनं, मग खोलगट तळव्यानं हळू थोपटायला सांगा, फरक लगेच ऐकू येतो. नराच्या घशापासून छातीकडे हवेच्या पिशव्या असतात, त्यांनीही आवाज घुमतो असं मानतात. हा आवाज किलोमीटरभर जातो. दाट झाडीत समोरचा दिसत नाही, तिथे तोच कामाचा.

आता त्या आवाजातून काय कळतं? रवांडातल्या पर्वतीय गोरिलांवरचा 2021 साली छापून आलेला अभ्यास मला सगळ्यात पटतो. गोरिलाला टेप लावून मोजणार कोण? म्हणून ठरावीक अंतरावरचे दोन समांतर लेझर ठिपके त्याच्या अंगावर पाडून फोटो काढले आणि त्यावरून पाठीची रुंदी काढली. मग 6 नरांचे 36 वेळचे छाती बडवणे तपासले. देह जितका मोठा, तितका आवाज खर्जातला. तबल्यापेक्षा डग्गा खाली बोलतो, तसंच. किती वेळ बडवलं, किती थापा मारल्या, याचा देहाशी संबंध सापडला नाही. म्हणजे लहान नरानं कितीही जोर लावला तरी मोठ्या देहाचा आवाज काढणं कठीण.

प्रतिस्पर्ध्याला हेच उपयोगी. मोठ्या नराशी जुंपली तर सुळे लागतात, जीवही जातो. लांबूनच अंदाज आला तर भिडायचं की वाट बदलायची ते ठरवता येतं. माद्याही ऐकत असाव्यात. मात्र ऐकणारे खरंच असं ठरवतात का, हे त्या अभ्यासात तपासलेलं नाही आणि नर सहाच होते. म्हणून फलकावर ‘सिद्ध झाले’ लिहू नका, ‘आवाजातून देहाचा अंदाज मिळू शकतो’ लिहा. चिडलेला असतो तेव्हाही बडवतो, नाही असं नाही, पण नुसता ‘राग’ लिहिलात तर मुद्दाच निसटला.

मी काही प्राणिशास्त्रज्ञ नाही, वाचून सांगतोय. पण चित्राबाबत माघार घेऊ नका. मंजुरीच्या अर्जालाच छाती बडवणाऱ्या नराचा जवळून काढलेला, बोटं दिसतील असा फोटो टाचा आणि आक्षेप असेल तर लेखी मागा. तोंडी आक्षेपाला उत्तर देता देता माझा महिना गेला.