बेसिनच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन

सांगलीत राहतो. बेसिन आणि भिंतीमधलं सिलिकॉन काळं पडलंय. त्यावरूनच नवीन मारलं तर चालेल का?

नाही. वाळलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन नीट चिकटत नाही, शिवाय आत शिरलेली बुरशी पुन्हा वर येते. कटरने दोन्ही कडा कापून जुनी पट्टी ओढून काढा. उरलेला पातळ थर ब्लेडने खरवडा. बोट फिरवून रबरासारखं लागलं तर अजून शिल्लक आहे. स्पिरिटने पुसून फट पूर्ण कोरडी होऊ द्या, पावसाळ्यात पंखा लावाच. 'सॅनिटरी' लिहिलेलं, बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. मार्बल किंवा कडप्पा असेल तर न्यूट्रलच, व्हिनेगरसारख्या वासाचं दगडावर डाग पाडतं. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून भरा, साबणपाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि ओलं असतानाच टेप काढा. 24 तास पाणी नको.