‘टू’ आहे, तरी इफेक्ट?

प्रश्न : “अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम, एवढं पाठ केलंय. पण सराव प्रश्नपत्रिकेत ‘द न्यू प्रिन्सिपल होप्स टू ___ अ चेंज इन द सिस्टम’ याचं उत्तर इफेक्ट दिलंय. ‘टू’नंतर तर क्रियापद येतं ना? उत्तरसूची चुकली का?”

उत्तरसूची बरोबर आहे. इफेक्ट क्रियापद म्हणूनही चालतं आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो ‘घडवून आणणे’. अफेक्ट म्हणजे जे आधीपासून आहे त्यावर परिणाम करणे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘करणे’ या एकाच धातूवरून आले. इफेक्टच्या पोटात ‘बाहेर’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे, म्हणजे करून बाहेर काढणे, तडीस नेणे.

म्हणून क्रियापदाची जागा दिसली की पुढच्या कर्माकडे बघा. ते आधीपासून आहे की अजून व्हायचंय? तुमच्या वाक्यात बदल अजून झालेलाच नाही, प्राचार्यांना तो आणायचा आहे, म्हणून इफेक्ट. ‘द स्ट्राइक मे ___ प्रोडक्शन’ मध्ये उत्पादन चालू आहे, संपाने त्याला झळ बसेल, म्हणून अफेक्ट. क्रियापद इफेक्टची कर्मं ठरावीकच असतात: चेंज, क्युअर, सेटलमेंट, ट्रान्सफर. बाकी बहुतेक ठिकाणी अफेक्टच.

क्वचित दोन्ही बसतात. ‘दीज मेझर्स मे ___ सेव्हिंग्ज’ मध्ये अफेक्ट घातलं तर असलेल्या बचतीवर परिणाम होईल, इफेक्ट घातलं तर नवी बचत होईल. आगापिछा न देता असा प्रश्न विचारणं हा काढणाऱ्याचा दोष, तुमचा नव्हे.

नामाची जागा ओळखणं सोपं, पण ‘द’ दिसला की इफेक्ट असं करू नका. ‘द ___ व्हिलेजेस’ मध्ये ‘द’ हा व्हिलेजेसचा आहे. रिकाम्या जागेत विशेषण हवं, म्हणून अफेक्टेड, म्हणजे बाधित. उलट ‘हॅड अ मार्क्ड ___ ऑन अटेंडन्स’ मध्ये ‘अ मार्क्ड’ला टेकायला दुसरं नामच नाही, तिथे इफेक्ट. (अफेक्ट नाम म्हणूनही आहे, पण ते मानसशास्त्रात, भावनेच्या बाह्य आविष्कारासाठी. त्याचा उच्चारही पहिल्या अक्षरावर जोर देऊन होतो.)

‘ऑन’चा मात्र आपल्याला खास त्रास. मराठीत परिणाम कशा‘वर’ तरी होतो, त्यामुळे ‘इट अफेक्टेड ऑन माय हेल्थ’ हे कानाला खटकत नाही. इंग्रजीत अफेक्टला ‘ऑन’ लागत नाही, कर्म थेट येतं. ‘ऑन’ लागतो तो नाम इफेक्टला. तेव्हा रिकाम्या जागेला लागूनच ‘ऑन’ असेल तर अफेक्ट आधी खोडा. पण ‘ऑन संडेज’सारखा वेळ सांगणारा ‘ऑन’ यात धरायचा नाही.