रिक्रूटरने तारीख आणि पद विचारलंय, काय लिहू?

‘वाळूजच्या कंपनीत ०४/०७/२०२२ला लागलो. पहिलं वर्ष अप्रेंटिस, मग क्वालिटी इंजिनिअर. रेझ्युमेत सगळा काळ क्वालिटी इंजिनिअर असाच लिहिलाय. रिक्रूटर मॅडम विचारतात, एप्रिल की जुलै? आणि पद नक्की कोणतं?’

त्याच मेलवर रिप्लाय करा, विषय बदलू नका. महिना अक्षरात लिहा, कारण अमेरिकी पद्धतीत ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. मजकूर असा:

‘नमस्कार मॅडम,
माझी रुजू तारीख ४ जुलै २०२२ आहे. ३ जुलै २०२३पर्यंत मी अप्रेंटिस होतो. ४ जुलै २०२३ ते ३१ ऑक्टोबर २०२४ क्वालिटी इंजिनिअर या पदावर कायम होतो. रेझ्युमेत दोन्ही टप्पे एकाच पदाखाली आले होते, ते वेगळे केले आहेत. दुरुस्त रेझ्युमे, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि रिलीव्हिंग लेटर जोडत आहे.’

खाली नाव, मोबाईल नंबर. बस्स, माफीनामा नको.

अप्रेंटिसचं वर्ष लपवू नका. अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे तुमच्या यूएएनवरच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू तारीख जुलै २०२३ची दिसेल. पडताळणीत २०२२ आणि २०२३चा हा फरक हमखास निघतो, आणि तेव्हा सांगितलेलं कारण सारवासारव वाटतं. पाठवण्याआधी यूएएनवरची तारीख स्वतः बघा. ती कधीकधी एचआरकडूनच चुकीची भरलेली असते. तसं असेल तर मेलमध्ये एक ओळ वाढवा.